चार्ज होत असलेल्या कॅथोडकडे एक्स-रे मधून पाहायचे आहे: बीमटाइम मागणाऱ्या एका पत्राचे प्रकरण

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर बीएल-९ नावाची बीमलाइन आहे. २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांकडून येणारे एक्स-रे घेऊन तिथे ४ ते २५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात एक्स-रे शोषण वर्णपट, म्हणजे एक्सएएस, मोजता येतात. या प्रकरणात पुण्याचा एक बॅटरी-गट तिथे वेळ मागतो. नमुना एनएमसी-८११, म्हणजे LiNi0.8Mn0.1Co0.1O2 चा कॅथोड. गट नमुन्यादाखल कल्पिलेला आहे, पण आकडे हिशेब करून काढले आहेत आणि चुका अशा प्रस्तावांत नेहमी दिसणाऱ्याच आहेत. मूळ पत्र अर्थात इंग्रजीत जाते. इथे त्याचा मजकूर मराठीत दिला आहे.

पहिल्या मसुद्याचा गाभा असा होता:

"निकेलबहुल कॅथोडमध्ये चार्जिंगदरम्यान होणारे संरचनात्मक बदल समजणे अत्यंत महत्त्वाचे आहे. ऑपरँडो एक्सएएसने निकेल, मँगनीज व कोबाल्ट या तिन्हींची ऑक्सिडीकरण अवस्था आणि स्थानिक रचना आम्ही विविध सी-दरांवर मोजू. निकेल-ऑक्सिजनचे लांब व आखूड बंध वेगळे करून यान-टेलर विकृतीचा मागोवा घेऊ. यासाठी नऊ पाळ्या मिळाव्यात."

ऑपरँडो म्हणजे सेल चालू असतानाच मोजणे, आणि सी-दर म्हणजे चार्जिंगचा वेग. वाचताना यात काही खटकत नाही, अडचण तपासणाऱ्याला येते. निवड समितीतला माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि तीन प्रश्न लिहितो: नक्की काय ठरवायचे आहे, ते या किरणाने ठरू शकते का, आणि तास कुठून आले? या मसुद्यात तिन्हींची उत्तरे नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, त्यात लिहिलेल्या दाव्यापुरते, "नाही" असे आहे.

तिथूनच सुरुवात करू, कारण पत्र नव्याने लिहावे लागले ते मुख्यतः लांब-आखूड बंधांच्या त्या एका वाक्यामुळे.

त्रिसंयुजी निकेलच्या भोवतीचा ऑक्सिजनांचा अष्टफलक ताणलेला असतो: चार बंध सुमारे १.९१ ॲंगस्ट्रॉमचे, दोन सुमारे २.०५ चे. चतुःसंयुजी निकेलला ही विकृती नसते, सगळे बंध १.८८ च्या आसपास येतात. त्यामुळे चार्जिंगमध्ये लांब बंध नाहीसे होताना पाहायचे, ही कल्पना सुरेख आहे. मात्र एक्झाफ्समध्ये, म्हणजे शोषण वर्णपटातल्या बारीक लहरींवरून अंतरे काढण्याच्या पद्धतीत, दोन अंतरे वेगळी दिसायला त्यांच्यात किमान π/(2Δk) इतका फरक लागतो, आणि Δk म्हणजे मोजलेल्या तरंगसंख्येचा पट्टा. निकेलची के-एज, म्हणजे त्याचे शोषण एकदम उडी घेते ती ऊर्जा, ८३३३ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. स्कॅन k = ३ पासून १२ पर्यंत चांगला आला तर Δk = ९, म्हणजे किमान फरक ०.१७ ॲंगस्ट्रॉम. हवे असलेले दोन बंध ०.१४ ने वेगळे आहेत. पट्टा वाढवावा तर ८९७९ वर तांब्याची एज उभी आहे. सेलमध्ये किरणाच्या वाटेवर तांब्याची फॉइल असेल तर k = १३ ला वर्णपट कापला जातो, आणि तिथपर्यंत गेलो तरी विभेदन ०.१६ च्या आसपासच थांबते. उलट k = ११ नंतर गोंगाट वाढला, जे ओल्या सेलमध्ये सहज घडते, तर तेच ०.२ होते.

दोन बंधांचे प्रतिमान संगणकात बसवले तर ते बसेल. फिट सुंदर दिसेल आणि आकडेही मिळतील. पण ते आकडे नमुन्यातून आलेले नसतील, आपण घातलेल्या गृहीतकातून आलेले असतील. अनुभवी परीक्षकाला हे एका ओळीत कळते, आणि मग उरलेल्या पत्रावरचाही त्याचा विश्वास उडतो.

म्हणून नव्या पत्रात दावा बदलला. एकाच अंतराचे प्रतिमान घ्यायचे आणि त्या अंतराभोवतीचा विस्कळीतपणा, म्हणजे σ², चार्जसोबत कसा उतरतो ते पाहायचे. लांब-आखूड बंधांचे मिश्रण असताना σ² फुगलेला दिसतो, विकृती गेली की खाली येतो. सगळे स्कॅन एकाच तापमानाला होत असल्याने उष्ण कंपनांचा वाटा जवळपास स्थिर धरता येतो. यात कमी सांगितले जाते, पण सांगितलेले टिकते.

आता पहिला प्रश्न: ठरवायचे काय? "संरचनात्मक बदल समजणे" याला शेवट नाही. एनएमसी-८११ बाबत एक प्रश्न मात्र नेमका उरतो. सुमारे ४.२ व्होल्टच्या आसपास या पदार्थाचा सी-अक्ष झपाट्याने आक्रसतो. हे प्रयोगशाळेतल्या एक्स-रे विवर्तनातही दिसते, त्यासाठी इंदूरला जायला नको. विवर्तन थरांमधले सरासरी अंतर सांगते. निकेलच्या अणूकडून त्या टप्प्यात अजून इलेक्ट्रॉन निघत आहेत की नाही, हे सांगत नाही. तो हिशेब एक्सएएसच मांडू शकते, आणि पत्रात तो आधीच मांडून ठेवला तर प्रयोगाला कसोटी मिळते.

हिशेब साधा आहे. ताज्या पदार्थात मँगनीज +४ आणि कोबाल्ट +३ धरला, तर विद्युतभाराच्या समतोलाने निकेलची सरासरी +२.८७५ येते. ग्रॅममागे २०० मिलिॲम्पिअर-तास काढले म्हणजे सूत्रातला ०.७२६ लिथियम गेला, कारण पूर्ण लिथियमची सैद्धांतिक क्षमता २७५.५ आहे. ते सगळे इलेक्ट्रॉन निकेलनेच दिले असतील तर निकेल +३.७८ वर पोहोचला पाहिजे. म्हणजे एजची जागा आणि काढलेला चार्ज यांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत चढायला हवा. ४.२ व्होल्टनंतर चार्ज वाढत राहिला आणि एज थबकली, तर उरलेले इलेक्ट्रॉन दुसरीकडून येत आहेत: ऑक्सिजनकडून, कोबाल्टकडून किंवा इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून. कोबाल्टची एज मोजून एक शक्यता तपासता येते. ऑक्सिजनची के-एज ५३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, मृदू एक्स-रेंच्या प्रदेशात आहे. ती या बीमलाइनवर मोजताच येत नाही, आणि हे पत्रात स्वतःहून लिहिणे चांगले. ज्याला ते माहीत आहे तो ती कबुली शोधतच असतो.

सुधारित पत्रातला पहिला परिच्छेद त्यामुळे असा झाला:

"एनएमसी-८११ मध्ये ४.१ ते ४.४ व्होल्टदरम्यान काढलेला चार्ज निकेलच्या ऑक्सिडीकरणाने पूर्ण समजावता येतो का, हा एकच प्रश्न आम्ही विचारत आहोत. सर्व चार्ज निकेलकडून आला तर २०० मिलिॲम्पिअर-तास प्रतिग्रॅमला निकेलची सरासरी +३.७८ असेल. निकेल एजची जागा आणि पहिल्या कवचाचा σ² या रेषेपासून कुठे ढळतात ते आम्ही मोजू. ऑक्सिजनचा सहभाग या प्रयोगाने थेट सिद्ध होणार नाही. रेषा ढळली नाही, तर त्याची गरजही उरणार नाही."

"सेल उघडून कॅथोड बाहेर काढून का मोजत नाही?" हा प्रश्न हमखास येतो. ऑपरँडो हा शब्द आकर्षक आहे, एवढे उत्तर पुरत नाही. खरे कारण असे की ४.४ व्होल्टला पोहोचलेला कॅथोड स्वस्थ बसत नाही. विद्युतप्रवाह थांबताच कणाकणांतला चार्ज एकसारखा होऊ लागतो, व्होल्टेज खाली सरकते आणि पृष्ठभागावरचा चतुःसंयुजी निकेल इलेक्ट्रोलाइटशी अभिक्रिया करून थोडा खाली येतो. ग्लव्हबॉक्समध्ये सेल उघडून, धुऊन, टेपमध्ये बंद करून बीमवर ठेवेपर्यंत नेमका शोधत असलेला छोटा फरक पुसला जाऊ शकतो. ३.८ व्होल्टच्या नमुन्याबाबत हा युक्तिवाद तितका बळकट नाही, म्हणून पत्रात तो फक्त वरच्या टप्प्यापुरता ठेवला.

सेलकडे वळू. समितीतला बीमलाइन-शास्त्रज्ञ सगळ्यात बारकाईने वाचतो तो हाच भाग.

पहिल्या मसुद्यात गटाचा नेहमीचा कॅथोड होता, चौरस सेंटिमीटरला १२ मिलिग्रॅम सक्रिय पदार्थाचा. त्यात निकेल जवळपास ५.८ मिलिग्रॅम असते, आणि त्याची एज-उडी, Δμt, १.६५ भरते. उडी एवढी मोठी म्हणजे चांगलेच, असे वाटते. पण एजच्या वरचे एकूण शोषण मोजले तर नुसत्या कॅथोडचे २.३, सोळा मायक्रॉन ॲल्युमिनियम फॉइलचे ०.२, आणि पाऊचच्या दोन्ही बाजूंच्या लॅमिनेटमधल्या मिळून ८० मायक्रॉन ॲल्युमिनियमचे जवळपास १.० होते. सेपरेटर-इलेक्ट्रोलाइट धरून बेरीज ३.६. पलीकडे पोहोचतो तो शंभरातले तीन फोटॉनसुद्धा नाही. इतक्या क्षीण किरणात, हवी ती ऊर्जा निवडणाऱ्या मोनोक्रोमेटरमधून निसटलेला तिप्पट ऊर्जेचा हार्मोनिक, जो नमुन्यातून जवळजवळ अडथळ्याविना जातो, मोजमापात मोठा वाटा उचलतो आणि एजचा माथा दबलेला दिसतो. माथा दबला की ऑक्सिडीकरण अवस्थेचा अंदाजही चुकतो, आणि चूक पद्धतशीर असल्याने कितीही स्कॅन मिळवले तरी जात नाही.

उपाय म्हणून लेप ८ मिलिग्रॅमवर आणला. उडी १.१ झाली, एकूण शोषण २.८ च्या घरात आले, आणि पलीकडे सहा टक्के किरण पोहोचू लागला. शिवाय मोनोक्रोमेटरचा दुसरा सिलिकॉन स्फटिक किंचित ढळता ठेवून हार्मोनिक दाबायचा. याची किंमतही पत्रात सांगितली: पातळ लेपात आयनांना कमी अंतर कापावे लागते, त्यामुळे जाड व्यावसायिक कॅथोडमध्ये दिसणारा विलंब इथे दिसणार नाही.

लॅमिनेटला खिडकी पाडून कॅप्टॉन ही पातळ प्लॅस्टिक फिल्म का लावत नाही, असेही विचारले जाते. शोषण कमी होईल हे खरे. पण कॅप्टॉन फुगते, खिडकीखालचा दाब जातो आणि किरण पडतो तेवढ्याच भागातला कॅथोड बाकीच्या सेलच्या मागे रेंगाळतो. मीटरवर चार्ज पूर्ण सेलचा दिसतो, वर्णपट मात्र रेंगाळलेल्या जागेचा येतो. ज्या प्रश्नात एज रेषेखाली थबकते का तेच पाहायचे आहे, तिथे याहून घातक फसवणूक नाही. कॅप्टॉनमधून हळूहळू ओलही आत शिरते. म्हणून सलग लॅमिनेट ठेवून शोषणाचा तोटा पत्करला, आणि पाऊच दोन जाड ॲल्युमिनियम पट्ट्यांत चिमटला. पट्ट्यांत फक्त किरणापुरते छोटे भोक.

आणखी एक गोष्ट छोटी, पण प्रयोग वाया घालवणारी. पाऊच सेलच्या ऋण बाजूचा टॅब सर्रास निकेलचा असतो. बटण-सेलच्या स्टेनलेस स्टीलच्या डबीतही निकेल असते. किरणाची कडा त्याला जराशी लागली तरी वर्णपटात धातुरूप निकेल मिसळतो, एज खालच्या ऊर्जेकडे ओढली जाते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ऑक्सिडीकरण अपुरे आहे. म्हणजे शोध लागल्यासारखेच दिसते! ओळखायचे कसे? खरा थबकलेला निकेल फक्त शेवटच्या टप्प्यात ढळेल. टॅबची भेसळ पहिल्या स्कॅनपासून, जवळपास तितक्याच प्रमाणात, प्रत्येक वर्णपटात असेल. पत्रात यासाठी एक वाक्य पुरले: टॅब किरणापासून १५ मिलिमीटर दूर, लिथियमच्या मागची तांब्याची फॉइल मध्ये ६ मिलिमीटर गोल कापलेली, सेपरेटर काचतंतूऐवजी २५ मायक्रॉन पॉलिप्रॉपिलीनचा.

आता तास. नऊ पाळ्या कुठून आल्या, तर "तीन धातू, तीन दर" अशा गुणाकारातून. तो गुणाकार स्कॅनच्या वेळेपुढे टिकत नाही. निकेलचा एक स्कॅन असा: एजपूर्वी ३० बिंदू प्रत्येकी १ सेकंद, एजभोवती अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पावलाने १२० बिंदू प्रत्येकी २ सेकंद, पुढे k = १२ पर्यंत १७६ बिंदू प्रत्येकी ४ सेकंद, आणि प्रत्येक बिंदूला मोनोक्रोमेटर हलून स्थिर व्हायला साधारण १ सेकंद. बेरीज १३०० सेकंद, म्हणजे सुमारे २२ मिनिटे. आता १सी दराने पूर्ण चार्ज तासाभरात होतो. पहिला स्कॅन संपेपर्यंत कॅथोडने एक तृतीयांश वाट कापलेली असेल, आणि वर्णपटाची सुरुवात एका पदार्थाची, शेवट दुसऱ्याचा. तो वर्णपट कशाचाच नसतो.

दहा तासांच्या चार्जिंगला, म्हणजे ग्रॅममागे २० मिलिॲम्पिअरला, चित्र बदलते. २२ मिनिटांत ७.३ मिलिॲम्पिअर-तास निघतात आणि निकेल ०.०३ इलेक्ट्रॉनने पुढे जातो. एका इलेक्ट्रॉनमागे एज दीड ते दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट सरकते असे धरले, तर एका स्कॅनमधले सरकणे ०.०६ च्या आसपास. ऊर्जेची पुनरावृत्ती ०.१ पर्यंत सांभाळली तरी पुष्कळ, तेव्हा स्कॅनदरम्यानचा बदल त्याच्या आत राहतो. ४.१ व्होल्टच्या वर साधारण चौथाई क्षमता उरते. तिथे दर निम्मा करायचा, म्हणजे निर्णायक पट्ट्यात सात ऐवजी तेरा-चौदा वर्णपट मिळतात. वेगवान दरांचा प्रश्न पत्रातून काढूनच टाकला. त्यासाठी जलद स्कॅनची बीमलाइन हवी, जशी हॅम्बर्गच्या पेट्रा-३ वर आहे. जागेवरच्या पर्यायाचाही विचार झाला: इंडस-२ वरचीच बीएल-८ ही विखुरणारी बीमलाइन पूर्ण वर्णपट एकाच वेळी घेते, त्यामुळे ती फार जलद. पण तिथे पार्श्वकिरण सेल काढून वेगळा मोजावा लागतो, आणि लेपातला असमानपणा थेट वर्णपटात उतरतो.

मँगनीज आणि कोबाल्ट चार्जिंगच्या प्रत्येक पायरीला मोजायचे ठरवले तर निकेलच्या दोन वर्णपटांमध्ये तासाभराची दरी पडते. मँगनीज +४ वरच राहील अशी अपेक्षा आहे. त्याची उडी जेमतेम ०.१६ आहे, आणि ६५३९ इलेक्ट्रॉनव्होल्टला तेच लॅमिनेट दुप्पट शोषते. म्हणून दोन्ही धातू फक्त सुरुवातीला आणि ४.४ व्होल्टला धरून ठेवून, प्रत्येकी तीन स्कॅन मिळवून, एजच्या भागापुरते. धरून ठेवताना वाहणारा गळतीचा विद्युतप्रवाह नोंदवायचा. तो इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाचा अंदाज देतो आणि चार्जच्या हिशेबातून वजा करावा लागतो.

पत्रातला तासांचा परिच्छेद यावरून तयार झाला:

"जुळवणी, आयन-कक्षांतील वायूचे मिश्रण आणि प्रमाण नमुने: ८ तास. पहिला सेल: बसवणे १, चार्जिंग १२.५, मँगनीज व कोबाल्ट ६, एकूण १९.५ तास. पुनरावृत्तीसाठी दुसरा सेल, फक्त निकेल: १३.५ तास. किरणाबाहेर त्याच दराने चार्ज केलेला तिसरा सेल, फक्त शेवटच्या स्थितीत: ३ तास. बेरीज ४४, राखीव ४. एकूण ४८ तास, म्हणजे आठ तासांच्या सहा पाळ्या. फॉर्मेशन सायकल पुण्यातच पूर्ण करून सेल आणले जातील."

नवावरून सहावर आलेली मागणी दुबळी दिसत नाही, कारण प्रत्येक तासाला नाव आहे. पाच दिल्या तर काय सोडाल, हेही मागाहून फोनवर ठरवण्यापेक्षा पत्रातच लिहिलेले बरे. इथे उत्तर होते: कोबाल्ट-मँगनीजची सुरुवातीची फेरी आधी सोडू, दुसरा सेल नाही. एकाच सेलवर रेषा ढळली तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिसरा सेल पहिल्या मसुद्यात नव्हता. तो किरणाने होणाऱ्या हानीसाठी आहे. एक्स-रे इलेक्ट्रोलाइटचे विघटन करतात, बुडबुडा किंवा थर तयार होतो आणि किरणाखालचा ठिपका मागे पडतो. या बीमलाइनच्या बेंडिंग मॅग्नेटमधून येणाऱ्या किरणात धोका अधिक तीव्र किरण देणाऱ्या अंड्युलेटरपेक्षा कमी, पण तेरा तासांत तो गृहीत धरून चालत नाही. तपासणी दुहेरी ठेवली: चार्ज संपताच पहिल्या सेलचा ठिपका ३ मिलिमीटर हलवून एक स्कॅन, आणि तिसऱ्या, किरण न पाहिलेल्या सेलशी तुलना. जुन्या आणि नव्या ठिपक्यात ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त फरक आला तर शेवटचे वर्णपट पुराव्यातून बाद, असे पत्रात आधीच लिहून ठेवले. हा आकडा प्रयोगानंतर ठरवला तर तो सोयीचा ठरतो.

ऊर्जेची जागा दर स्कॅनला तपासण्यासाठी सेलमागे निकेलची फॉइल आणि किरणाची तीव्रता मोजणारा तिसरा आयन-कक्ष. सेलमधून सहाच टक्के किरण येत असल्याने फॉइलचा वर्णपट खरखरीत असेल, पण तिच्या एजचा पहिला वळणबिंदू ८३३३ ला बांधायला तो पुरतो.

शेवटचा मुद्दा इंडस-२ च्या स्वभावाचा. साठवण वलयात इलेक्ट्रॉन ५५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला भरले जातात आणि मग २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चढवले जातात. भरणीच्या काळात किरण नसतो. चार्जिंग मात्र चालू असते, आणि ते थांबवावे का हा प्रश्न रात्री दोन वाजता पडला तर चुकीचे उत्तर निघते. पत्रात निर्णय आधीच घेतला: प्रवाह थांबवायचा नाही. थांबवला तर कॅथोड शिथिल होतो, आणि ऑपरँडो मागण्याचे जे कारण आपणच दिले ते आपणच मोडतो. तासाभराची दरी पडली तर खालच्या टप्प्यात २०, वरच्यात १० मिलिॲम्पिअर-तास प्रतिग्रॅमचे वर्णपट गळतील. रेषा तेवढ्याने तुटत नाही. ४.१ व्होल्टचा टप्पा ताज्या भरणीनंतर यावा अशा बेताने चार्जिंगची सुरुवात करायची. १५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीला प्रवाह ०.२८ मिलिॲम्पिअर लागतो, म्हणून सोबत नेण्याच्या पोटेन्शिओस्टॅटची अचूकता मायक्रोॲम्पिअरपर्यंत हवी, हेही पत्राच्या उपकरण-यादीत गेले. दोन सेल एकाच वेळी चार्ज होणार असल्याने त्याला दोन स्वतंत्र चॅनेलही लागतात, आणि पहिल्या मसुद्यात एकच लिहिले होते.